हार्टच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिताना

मॅडम, मी एमबीबीएस आहे, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावात प्रॅक्टिस करतो. छातीत दुखणारा पेशंट मिरज-सांगलीला पाठवताना चिठ्ठीत काय लिहावं, हे कुणी नीट शिकवलंच नाही. 'चेस्ट पेन, कार्डिओलॉजिस्ट ओपिनियन, अर्जंट' एवढंच लिहिलं तर पेशंट दोन दिवसांनी जातो आणि तिथे त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारतात. सगळं लिहायला गेलो तर दोन पानं होतात, ती कुणी वाचत नाही. बाहेर ओपीडी भरलेली असताना नेमकं काय लिहावं?
– एक तरुण डॉक्टर, जि. सांगली

डॉक्टर, तुमची चिठ्ठी जिथे येऊन पडते त्या टेबलाच्या बाजूला मी बसते, म्हणून आधी तिथलं सांगते. पेशंट आत येतो तो दोन-तीन नातेवाइकांना घेऊन. चिठ्ठी हातात येईपर्यंत त्यांच्यातल्या एकाने बोलायला सुरुवातही केलेली असते, सिस्टर बीपीचा पट्टा बांधत असतात, ईसीजीवाला वायरी सोडवत असतो. त्या गडबडीत कागदावरच्या पहिल्या दोन-तीन ओळी नक्की वाचल्या जातात. बाकीचं वाचलं जातं, पण पेशंट टेबलावर झोपल्यावर, सवडीने. कॉलेजात आपल्याला केस लिहायला शिकवलं ते याच्या उलट: आधी तक्रार, मग पूर्वेतिहास, मग तपासणी आणि सगळ्यात शेवटी निदान. परीक्षेला ते बरोबर आहे. चिठ्ठीत मात्र नाव-वय झालं की लगेच तुमचं मत, किती वेळात बघायला हवं ते, आणि तुम्हाला समोरच्याकडून काय हवंय ते. इतिहास त्याच्याखाली.

'अर्जंट' लिहू नका, वेळ लिहा. अर्जंट म्हणजे मुलाच्या हिशेबात उद्या दुधाचं बिल घेऊन झाल्यावर, आणि रिसेप्शनच्या हिशेबात पुढचा रिकामा नंबर. 'आज दुपारच्या आत' किंवा 'या आठवड्यात' असं लिहिलं की दोघांनाही फाटे फोडायला जागा राहत नाही. आणि वेळेपुढे एका वाक्यात कारण द्या. तुमची ओळख नसलेला कार्डिओलॉजिस्ट तुमच्या घाईवर विश्वास ठेवणार नाही, कारणावर ठेवेल.

घाई किती, हे ठरवायला पेशंटचं दुखणं कसं बदलत गेलं ते बघावं लागतं. चढ चढताना छाती भरते, थांबलं की पाच मिनिटांत मोकळी होते आणि गेले सहा महिने हे असंच चाललंय, तर हा पेशंट आठवड्या-दोन आठवड्यांत दाखवला तरी चालतो. तेच दुखणं नव्याने सुरू झालंय, कमी श्रमात यायला लागलंय किंवा बसल्या जागी आलंय, तर तो अस्थिर अंजायना समजायचा आणि त्याच दिवशी पाठवायचा. अशा वेळी ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दुखत नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून ईसीजीवर पेनाने तारीख, वेळ आणि 'दुखत होतं' किंवा 'दुखत नव्हतं' हे लिहायची सवय लावून घ्या. तसंच एका ट्रोपोनिनवर जाऊ नका. दुखायला लागल्यावर लवकर केलेली टेस्ट निगेटिव्ह येते आणि काही तासांनी पॉझिटिव्ह होते. त्या रिपोर्टसाठी पेशंटला दवाखान्याच्या बाकड्यावर बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ईसीजीत एसटी सरळ वर गेलेला, पेशंट घामाने भिजलेला. इथे आधी चिठ्ठी लिहीत बसायचं नाही. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या, १०८ ला फोन लावा, तिकडच्या कॅथलॅबला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अर्ध्या कागदावर फक्त वेळा लिहा: दुखायला किती वाजता लागलं, ईसीजी किती वाजता काढला, कुठलं औषध किती आणि किती वाजता दिलं. निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती करायची, नाहीतर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, आणि ते दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत. हा सगळा हिशेब तुमच्या त्या वेळांवर बसतो. तुमच्याकडून मिरज तासाभरावर आहे. जतच्या पूर्वेकडच्या गावात बसलेल्या डॉक्टरचं गणित वेगळं, त्याने इंजेक्शन जवळ कुठे मिळेल ते आधीच विचारून ठेवायला हवं.

पण तुमचा प्रश्न खरा मधल्या प्रकाराचा आहे. चिठ्ठीची किंमत तिथेच सगळ्यात जास्त, कारण पेशंट स्वतःच्या पायांनी चालत येतो, हसून बोलतो आणि त्याला काही झालंय असं कुणालाच वाटत नाही. असा एक पेशंट घेऊ. मी तो दोन-तीन जणांचा मिळून एक केलाय.

वय ५८, द्राक्षबागायतदार. नऊ वर्षं शुगर, सहा वर्षं बीपी. म्हणतो, "छातीत दुखत नाही ओ, नुसतं गच्च होतंय." हे वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीत घ्या. आपल्याकडची माणसं दुखतंय म्हणत नाहीत. गच्च झालं, भरून आलं, दम कोंडला, गॅस धरला असं म्हणतात, आणि आपण त्याचं 'चेस्ट पेन' करून टाकतो. मग तिकडे विचारलं, "छातीत दुखतं का?" तर पेशंट सरळ "नाही" म्हणतो. सगळीच गाडी रुळावरून घसरते. त्याला विचारावं श्रमाचं, तेही त्याच्या रोजच्या कामात: बागेपर्यंत चालत जाता का, कुठे थांबावं लागतं? तर तो सांगतो, तीन आठवड्यांपूर्वी बागेच्या चढाला थांबावं लागायचं, पाच दिवसांपासून घरापासून गोठ्यापर्यंत जाताना, आणि काल रात्री जेवून पडल्यावर दहा मिनिटं नुसतं पडल्या पडल्या. चढ, गोठा, अंथरूण. एवढ्या तीन ठिकाणांवरून कुठलाही कार्डिओलॉजिस्ट उठून बसेल.

आता औषधं. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण येणाऱ्या चिठ्ठ्यांत सगळ्यात पोकळ भाग हाच असतो. 'ऑन अँटीहायपरटेन्सिव्ह्स अँड ओएचए' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू. कुठल्या? किती? आणि खरंच चालू? केसपेपरवरून औषधं उतरवू नका. पेशंटला गोळ्यांची पिशवी आणायला सांगा आणि ती टेबलावर रिकामी करा. प्रत्येकाकडे ती मेडिकलची कॅरीबॅग असतेच, त्यात चालू स्ट्रिपा, संपलेल्या स्ट्रिपा, बायकोच्या थायरॉईडच्या गोळ्या, सगळं एकत्र. स्ट्रिपेत किती गोळ्या उरल्यात आणि बिलावर तारीख कुठली आहे हे पाहिलं की माणूस काय घेतो ते कळतं.

आपल्या पेशंटच्या पिशवीत मेटफॉर्मिन आहे, टेल्मिसार्टन आहे. केसपेपरवर मेटोप्रोलॉल ५० सुद्धा आहे, पण पिशवीत त्याची रिकामी स्ट्रिप निघते आणि बिल मागच्या महिन्याचं. विचारलं तर म्हणतो, "ती गोळी घेतली की गळून गेल्यासारखं व्हायचं, म्हणून परत आणलीच नाही." कधीपासून? तीन आठवडे. छाती गच्च व्हायलाही तेव्हाच सुरुवात झाली. बीटा ब्लॉकर अचानक तोडला की नाडी उसळते, बीपी चढतं आणि आत नस आधीच अरुंद असेल तर अंजायना उफाळून येतो. याचा अर्थ गोळी पुन्हा सुरू केली की काम झालं, असा मात्र नाही. नस अरुंद नसती तर गोळी बंद करूनही छाती गच्च झाली नसती. पण ही माहिती समोरच्याला मिळाली नाही, तर तो केसपेपर बघून समजतो की मेटोप्रोलॉल चालू असतानाही अंजायना वाढलाय, आणि त्याचा पुढचा सगळा विचार त्या चुकीच्या पायावर उभा राहतो.

पिशवीच्या तळाशी आणखी एक स्ट्रिप आहे, डायक्लोफेनॅकची. गुडघ्यासाठी, मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. असं औषध पेशंट औषधांत धरतच नाही. "दुसरं काही घेता का?" विचारलं तर "नाही" म्हणेल. "गुडघ्याला काय घेता?" विचारलं तर लगेच सांगेल. तसंच काढ्यांचं, चूर्णांचं, आणि मिश्रीचं. दिवसातून चार वेळा मिश्री लावणारी बाई तंबाखूला "नाही" म्हणते आणि ती खोटं बोलत नसते.

डायक्लोफेनॅकवरून पुढचं विचारायला हवं: कधी शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं का? आपला पेशंट सांगतो, दोन वर्षांपूर्वी झालं होतं, तासगावात ॲडमिट होतो, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, दुर्बिणीने पाहिलं तर अल्सर होता. डॉक्टर, चिठ्ठीतली सगळ्यात मोलाची ओळ ही आहे. अँजिओग्राफीत नसा दिसतात, जुना अल्सर दिसत नाही. स्टेंट टाकला की दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बरेच महिने, अशा पेशंटला सहसा वर्षभर, एकत्र घ्याव्या लागतात, आणि मध्येच तोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पेशंट जाऊ शकतो. ज्याला एकदा रक्तस्राव झालाय त्याच्या बाबतीत कुठली गोळी, किती महिने, पोटाचं संरक्षण कशाने, हे सगळं स्टेंट टाकण्याआधी ठरवावं लागतं. ऑपरेशन ठरलेलं असेल, हर्नियाचं असो की दातांचं मोठं काम, तेही याच ओळीत यायला हवं. टेबलावर पेशंट असताना ही चौकशी होत नाही. ती तुमच्याच खुर्चीत व्हायला हवी, कारण ती माहिती तुमच्याकडे आहे.

किडनीची गोष्ट तशीच. अँजिओग्राफीच्या रंगद्रव्याचा ताण किडनीवर येतो. शुगरचा पेशंट, त्यात दुखण्याच्या गोळ्या, म्हणून शेवटचं क्रिएटिनिन तारखेसकट लिहा. नुसतं 'आरएफटी नॉर्मल' लिहून चालत नाही. १.६ हा आकडा एखाद्याला 'थोडंसं वाढलंय' वाटतो. अँजिओग्राफी करणारा त्यावरून रंगद्रव्य किती वापरायचं, आधी सलाईन द्यायचं का आणि मेटफॉर्मिन कधी थांबवायची हे ठरवतो.

एक नाजूक मुद्दा. लैंगिक ताकदीच्या गोळ्यांचं विचारायला नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर काढा. सिल्डेनाफिल घेऊन चोवीस तास झाले नसतील, टॅडालाफिल घेऊन अठ्ठेचाळीस, तर जिभेखालची सॉर्बिट्रेट दिल्यावर बीपी धडकन खाली येतं. हे लिहिलंच पाहिजे, पण चिठ्ठी घरचे वाटेत उघडून वाचतात हेही खरं. मी म्हणेन, कागदावर 'पीडीई-५ इनहिबिटर, शेवटचा डोस अमुक तारीख, अमुक वाजता. नायट्रेट टाळा' असं लिहा आणि फोनवर समोरच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा. सुनेला त्यातून काही कळणार नाही, कॅथलॅबला सगळं कळेल.

आता हे सगळं एका पानात कसं बसतं ते बघा. तुम्ही इंग्रजीत लिहाल, मी मराठीत देते.

'दि. ..., सकाळी ११.०५. पुरुष, वय ५८. अस्थिर अंजायना वाटतो. आज दुपारच्या आत तपासून ॲडमिट करण्याबाबत निर्णय व्हावा. कारण: तीन आठवड्यांत त्रास वाढत जाऊन काल रात्री विश्रांतीत १० मिनिटे, आणि ईसीजीत नवा बदल. तुमच्याशी १०.५० ला फोनवर बोलणे झाले आहे.

त्रास: "छाती गच्च होते", डाव्या खांद्यापर्यंत. तीन आठवड्यांपूर्वी चढावर, पाच दिवसांपासून सपाटीवर थोडे चालल्यावर, काल रात्री झोपून असताना. आत्ता त्रास नाही.

महत्त्वाचे: दोन वर्षांपूर्वी डायक्लोफेनॅकवर असताना अल्सरमधून रक्तस्राव, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. क्रिएटिनिन १.६ आणि हिमोग्लोबिन १०.८, दोन्ही मागच्या महिन्यातले. औषधाची ॲलर्जी नाही. पीडीई-५ औषध घेत नाही. ऑपरेशन ठरलेले नाही.

प्रत्यक्षात घेत असलेली औषधे: मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, आज सकाळची घेतली आहे. टेल्मिसार्टन ४० सकाळी. डायक्लोफेनॅक ५० आठवड्यातून तीन-चार वेळा, आज बंद करायला सांगितले. मेटोप्रोलॉल ५० स्वतःहून बंद केली, तीन आठवडे झाले, त्रास तेव्हापासूनच.

तपासणी: नाडी ९२, बीपी १५०/९०, ऑक्सिजन ९७, छाती स्वच्छ, पायावर सूज नाही. ईसीजी १०.३० चा, त्रास नसताना: व्ही ४ ते व्ही ६ मध्ये टी वेव्ह उलट्या, गेल्या वर्षीच्या ईसीजीत नव्हत्या. दोन्ही सोबत.

दिलेले: ॲस्पिरिन ३०० चावून, १०.४० ला. अटोर्वास्टॅटिन ८० आणि पॅन्टोप्राझोल ४०, १०.४५ ला. क्लोपिडोग्रेल व हेपारिन दिलेले नाही. रक्तस्रावाच्या इतिहासामुळे निर्णय तुमच्यावर सोडला आहे.

शुगर ९ वर्षे, बीपी ६ वर्षे. मोठ्या भावाला ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक. तंबाखू नाही. सोबत मुलगा. माझा फोन: ...'

बघा, शुगर-बीपी सगळ्यात खाली गेलं. ते पेशंट स्वतःच पहिल्या वाक्यात सांगतो. अल्सर, बंद केलेली गोळी, गुडघ्याची गोळी, क्रिएटिनिन हे तो सांगत नाही, म्हणून ते वर. चिठ्ठीत जागा कुणाला द्यायची याचा माझा हिशेब एवढाच आहे: जे पेशंटला विचारून किंवा ईसीजी काढून दोन मिनिटांत कळेल ते थोडक्यात, जे फक्त तुम्हाला माहीत आहे ते नीट.

'दिलेले'पुढे वेळ आणि 'दिलेले नाही' ही दोन्ही वाक्यं आवर्जून ठेवा. एका ठिकाणी ॲस्पिरिनचा मोठा डोस, वाटेत दुसऱ्या दवाखान्यात परत तोच, मिरजेत तिसऱ्यांदा, असं होतं. हेपारिनचं तर जास्तच. एका ठिकाणी त्वचेखाली एक प्रकार दिला, दुसऱ्याने शिरेतून दुसरा दिला आणि आधीच्याची वेळ कुणालाच माहीत नाही, तर रक्तस्रावाला आपणच निमंत्रण दिलं. 'दिलेले नाही' लिहिल्याने कुणी तुम्हाला कमी समजत नाही, निदान मी तरी नाही. अल्सर झालेल्या पेशंटला डोळे झाकून सगळं देऊन पाठवणाऱ्यापेक्षा थांबून कारण लिहिणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

जुना ईसीजी सोबत जायलाच हवा. उलट्या टी वेव्ह नव्या आहेत की गेली पाच वर्षं तशाच आहेत, यावर आजचा सगळा निर्णय फिरतो. पण मूळ पट्टीच्या भरवशावर राहू नका. तो थर्मल कागद असतो, वर्षभरात फिका पडतो, आणि घरच्यांनी प्रेमाने लॅमिनेशन करून आणला तर उष्णतेने अख्खा काळा होतो. ईसीजी काढला की लगेच साधी झेरॉक्स किंवा मोबाईलवर फोटो, त्यात नाव आणि तारीख दिसेल असा. पाठवताना फोटो समोरच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर आधी जातोय का बघा. कागद नंतर पोचला तरी चालतो.

फोनचं म्हणाल तर, त्याच दिवशी पाठवायच्या पेशंटसाठी चिठ्ठी एकटी पुरत नाही. फोनवर लांबण लावू नका, चिठ्ठीतल्या पहिल्या तीन ओळीच वाचून दाखवा. त्यातून आणखी एक कळतं: कार्डिओलॉजिस्ट आज आहेत का, कॅथलॅब चालू आहे का, आणि महात्मा फुले योजनेत ते हॉस्पिटल बसतं का. योजनेत जायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार घरून निघतानाच घ्यायला सांगा. कागद आणायला मुलगा परत गावाला आणि पेशंट कॉरिडॉरमध्ये, हे दृश्य आमच्याकडे रोजचं आहे. मात्र कागद सापडत नाहीत म्हणून निघायचं थांबू नका, मुलगा मागून घेऊन येईल.

आणि जाण्याचं साधन चिठ्ठीत नाही, तोंडी पण ठासून सांगा. हा पेशंट मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून किंवा एसटीने जायचा नाही, स्टँडवरून चालत तर अजिबात नाही. १०८ मिळाली तर उत्तम, नाहीतर चारचाकी, आणि उतरल्यावर व्हीलचेअर. त्याला आत्ता काही होत नाहीये, म्हणूनच तो ऐकणार नाही. मुलाला बाजूला घेऊन सांगा. वाटेत छाती पुन्हा गच्च झाली तर परत तुमच्याकडे वळायचं नाही, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शिरायचं आणि चिठ्ठी दाखवायची. म्हणून ती पाकीट चिकटवून देऊ नका.

राहिला ओपीडीच्या गर्दीचा प्रश्न. पिशवी उघडायला आणि हे पान लिहायला सुरुवातीला वीस मिनिटं लागतील. ठरावीक शीर्षकांचा कोरा कागद छापून ठेवा, 'महत्त्वाचे' आणि 'दिलेले नाही' या दोन रकान्यांसकट, म्हणजे गडबडीतही ते सुटणार नाहीत. गोळ्यांच्या स्ट्रिपा वाचून नाव-ताकद उतरवायचं काम तुमच्या सिस्टर करू शकतील, तुम्ही फक्त पडताळा. पानाच्या तळाशी चार ओळी रिकाम्या सोडा: काय सापडलं, काय केलं, कुठल्या गोळ्या किती महिने, पुन्हा कधी. कार्डिओलॉजिस्टना तिथेच लिहून परत पाठवायची विनंती करा. डिस्चार्ज कार्ड पेशंट घरी ट्रंकेत ठेवतो. तुमच्याच कागदावर लिहिलेलं उत्तर मात्र तो तुमच्याकडे घेऊन येतो, आणि सहा महिन्यांनी दात काढायला गेल्यावर कुणी त्याला रक्ताची गोळी बंद करायला सांगितलं, तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.